पंचवीस किलोवॅटच्या सोलरवर सही करण्याआधी: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष साहेब, सचिव साहेब आणि कमिटीचे सगळे सभासद,

मागच्या रविवारी नोटीस बोर्डावर कागद लागला की गच्चीवर २५ किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलं, प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी भरायची आणि महिना संपायच्या आत व्हेंडरला ॲडव्हान्स द्यायचा. मी दोनदा भेटायला आले, एकदा सचिव साहेब बाहेर होते, एकदा "ताई, सगळं ठरलंय आता" एवढंच ऐकून परत आले. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्यासारख्या बऱ्याच सोसायट्या आज याच वळणावर आहेत, मनीष नगर, बेसा, वर्धा रोड, जिकडे बघावं तिकडे गच्चीवर स्ट्रक्चर उभं राहतंय, त्यांनाही वाचता यावं.

आधीच सांगते, मी सोलरच्या विरोधात नाही. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली बाई आहे, अकरा वर्षं हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला काढली, आणि नरेंद्र नगरला माझ्या माहेरच्या घरावर २०१८ पासून ५ किलोवॅटचं सोलर आहे. बाबा दर एक तारखेला जिन्याखालच्या जनरेशन मीटरचं रीडिंग एका लांब वहीत लिहायचे. मोतीबिंदूनंतर ते काम माझ्याकडे आलं, ती वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. सोलर बसवा, नक्की बसवा. पण ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही सही करताय तो कागद चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे मला नीट मांडू द्या.

पहिली गोष्ट बचतीचा आकडा. व्हेंडरने लिहिलंय की एक किलोवॅट रोज ५ युनिट देतो, म्हणजे २५ किलोवॅटचे वर्षाला ४५,६२५ युनिट, १६ रुपयांनी गुणलं की वर्षाला ७ लाख ३० हजार बचत. आता आपलं कॉमन मीटरचं बिल घ्या. दोन लिफ्ट, दोन पंप, पार्किंग आणि जिन्याचे लाईट मिळून महिन्याला साधारण २,२०० युनिट लागतात, वर्षाचे २६,४००. सगळे आकार आणि ड्युटी धरून युनिटला १६ च्या आसपास पडतात, म्हणजे वर्षाचं अख्खं बिल सव्वाचार लाख. जिथे बिलच सव्वाचार लाखाचं आहे तिथे सात लाख तीस हजारांची बचत कुठून येणार? हा प्रश्न कमिटीत एकाने तरी विचारायला हवा होता. कोटेशनच्या शेवटच्या पानावर जे मोठ्या अक्षरात "२५ वर्षांत साडेतीन कोटी" लिहिलंय ते याच चुकीच्या आकड्यावर दरवर्षी पाच टक्के दरवाढ चढवून काढलंय, आणि त्यात पंचविसाव्या वर्षीही पॅनल पहिल्या दिवसाइतकीच वीज देतंय असं धरलंय.

आणि रोज ५ युनिट हे नागपुरात वर्षाच्या सरासरीने येत नाही. बाबांच्या वहीत पहिल्या पूर्ण वर्षी ७,०५० युनिट आहेत, म्हणजे किलोवॅटला वर्षाचे १,४००, दिवसाला चारला थोडे कमी. सगळ्यात चांगल्या महिन्यातसुद्धा साडेचारच्या वर फारसं गेलं नाही. तो महिना मे नाही तर मार्च आहे, मार्चला ७१०, मे ला ६६०, आणि जुलैला पावसाळी ढगात ३९०. लोकांना वाटतं नागपूरचं ऊन म्हणजे सोलरची चांदी. ऊन आहे, पण पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलच्या मागे जे ५४५ वॅट छापलेलं असतं ते पॅनलच्या आतला सेल २५ अंशांवर असताना मोजलेलं असतं. मे मध्ये हवा ४५ वर असते तेव्हा सेल ६५-७० पर्यंत तापतो आणि साध्या मोनो पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यांनी उतरते, म्हणजे भर दुपारी १४-१५ टक्के तिथेच गेले. त्यावर धूळ, वायर, इन्व्हर्टर यांची घट वेगळी. आपल्या गच्चीसाठी मी किलोवॅटला वर्षाचे १,३५० युनिट धरते, त्याच्या वरचा आकडा कोणी देत असेल तर लेखी हमी घेऊन द्यावा.

दुसरी गोष्ट साईज. १,३५० ने २५ किलोवॅटचे ३३,७५० युनिट होतात आणि आपली गरज आहे २६,४०० ची. उरलेल्या सात हजारांचं काय? नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पावसाळ्यात ते कामी येतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि शिल्लक युनिटला आपण भरतो त्या दराच्या मानाने खूपच कमी दर मिळतो. दुसरं असं की आपलं बिल स्लॅबचं आहे. सोलरने आधी वाचतात ते पाचशेच्या वरचे महागडे युनिट, सगळ्यात शेवटी वाचतात ते पहिल्या शंभरातले स्वस्त. म्हणून शेवटचे पाच-सात किलोवॅट सगळ्यात कमी कमावतात, पण किंमत त्यांचीही तेवढीच लागते. आणि स्थिर आकार तर कितीही सोलर लावलं तरी भरावाच लागतो.

मी १८ किलोवॅट धरून हिशोब केला. व्हेंडरच्याच दराने, किलोवॅटला ५५ हजार, ९ लाख ९० हजार होतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, ती ३ लाख २४ हजार वजा केली की आपल्या खिशातून ६ लाख ६६ हजार. पहिल्या वर्षी २४,३०० युनिट येतील, बिल जवळपास सगळं उतरेल, आणि धुणं-देखभालीचे पंचवीस हजार बाजूला काढूनही वर्षाला पावणेचार लाखांच्या आसपास हातात राहतात. म्हणजे दोन वर्षांच्या आत पैसे सुटतात. चांगलाच सौदा आहे, मी स्वतः पहिली वर्गणी भरेन. पण २५ केलं तर वरच्या ७ किलोवॅटला सबसिडी जाऊन २ लाख ५९ हजार जास्त लागतात आणि त्यातून वर्षाला फार तर चाळीस-पंचेचाळीस हजार सुटतात, ते वसूल व्हायला सहा वर्षं. उद्या ईव्ही चार्जिंग लागेल असं जोशी काका म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, तर मग स्ट्रक्चरला जागा सोडून ठेवा आणि गरज आली की वाढवा, आजच कशाला पैसे अडकवायचे.

तिसरी गोष्ट सावली, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. व्हेंडरचा माणूस सर्व्हेला आला मे च्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी सव्वाबाराला. मी वाळवणाच्या कुरड्या काढायला वर गेले होते म्हणून मला वेळ लक्षात आहे. नागपुरात २६ मे च्या आसपास शून्य सावली दिवस असतो, सूर्य अगदी डोक्यावर, उभ्या खांबाचीही सावली पडत नाही. त्या दिवशी त्या वेळी बघितलं तर कुठलीही गच्ची बिनसावलीचीच दिसणार! त्याने रिपोर्टमध्ये लिहिलं "सावली नाही".

मी २१ डिसेंबरला सकाळी सव्वानऊला वर गेले, टेप आणि पिवळा ऑइल पेंट घेऊन. आपली लिफ्ट रूम गच्चीपासून बारा फूट उंच आहे, तिची सावली वायव्येकडे तेवीस फूट लांब पडली होती. तिथे टोकाला रेघ मारली. मग दुपारी तीनला पुन्हा गेले, तेव्हा तेवढीच सावली दुसऱ्या बाजूला, ईशान्येकडे. व्हेंडरच्या नकाशावरचे ४६ पॅनल मी त्या रेघांवर मांडून बघितले तर सकाळी नऊ पॅनल सावलीत येतात आणि दुपारी दुसरे सहा. यात नुसते तेवढेच पॅनल बुडत नाहीत. पॅनल एकामागे एक मालगाडीच्या डब्यासारखे जोडलेले असतात, त्या एका रांगेला स्ट्रिंग म्हणतात, आणि रांगेतल्या दोन-तीन पॅनलवर सावली आली की अख्खी रांग मागे ओढली जाते. १८ किलोवॅटला ३३ पॅनल पुरतात, म्हणजे तेरा पॅनल कमी होतात, आणि हे तेरा सावलीतूनच काढले तर जवळपास सगळी अडचण मिटते. अकरा-अकराच्या तीन स्ट्रिंग सरळ बसतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते, दरवर्षी होणारी घट. कोटेशनमध्ये याबद्दल एकच ओळ आहे, "२५ वर्षं परफॉर्मन्स वॉरंटी". कमिटीच्या नोटीसमध्ये त्याचं झालं "२५ वर्षं विजेची गॅरंटी". या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या मोनो पॅनलला कंपनी काय लिहून देते, पहिल्या वर्षी २ टक्के उतरेल आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के, म्हणजे २५ वर्षांनी ८४.८ टक्के ताकद राहील. ही ताकद लॅबमधल्या उजेडात, २५ अंशांवर, एकेका पॅनलची मोजायची. तुमच्या मीटरवर किती युनिट आले याच्याशी कंपनीला काहीही देणंघेणं नाही. क्लेम करायचा तर पॅनल उतरवून पाठवा, टेस्ट करा, ओरिजिनल बिल आणि सिरियल नंबर दाखवा. आणि प्रत्यक्षात गरम भागात झीज जास्त होते, आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने देशभरातले पॅनल तपासले होते त्यातही हेच दिसलं की उष्ण हवेतले पॅनल थंड भागातल्यापेक्षा लवकर उतरतात. म्हणून मी वर्षाला १ टक्का धरते.

१ टक्का म्हणजे किती? आपल्या १८ किलोवॅटला वर्षाला २४३ युनिट. दहाव्या वर्षी २४,३०० चे २२,२०० होतील, पंचविसाव्या वर्षी १९,००० च्या थोडे वर. एकूण पंचवीस वर्षांचे मिळून साधारण ५ लाख ४० हजार युनिट, घट धरलीच नाही तर ६ लाख साडेसात हजार. म्हणजे खरी झीज अकरा टक्क्यांची, ती सोसता येते, त्याने सौदा बुडत नाही.

मग मी एवढी का बोलतेय? कारण या एका टक्क्याच्या नावाखाली दुसरंच नुकसान लपतं, आणि ते आमच्या घरी झालंय. २०२३-२४ ला वहीत वर्षाचे युनिट आले ५,९९०. पाच वर्षांत पंधरा टक्के खाली. बाबांनी व्हेंडरला फोन केला तर तो म्हणाला, "काका, पॅनल जुनं झालं की कमी होणारच." बाबांनी ऐकलं, गप्प बसले. मला ते पटेना. एका रविवारी सकाळी सातला मी दादाला घेऊन वर गेले. पॅनलच्या खालच्या कडेला बोटभर जाड चिखलाची पट्टी जमली होती, कारण पॅनल फार कमी तिरपे बसवलेत, पाणी वाहून गेलं तरी माती कडेला अडकते, आणि तळाची एक ओळ झाकली गेली तरी पॅनलचा एक भाग मार खातो. मऊ ब्रश आणि टाकीचं गोडं पाणी घेऊन धुतलं. बोअरचं पाणी वापरू नका, त्याचे पांढरे डाग बसतात, आणि दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका, काच तडकू शकते. पुढच्या काही दिवसांत रोजचे युनिट पाचेक टक्क्यांनी वर आले.

तरी उरलेला हिशोब जमत नव्हता. मग दुपारी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर दोन्ही स्ट्रिंगचं व्होल्टेज बघितलं. पहिल्या स्ट्रिंगला ८ पॅनल, तिथे २६४ व्होल्ट, म्हणजे पॅनलला ३३. दुसरीला ७ पॅनल, तिथे ३३ च्या हिशोबाने २३१ यायला पाहिजे होते, आले २०९. बावीस व्होल्ट गायब. प्रत्येक पॅनलच्या पाठीवरच्या डबीत तीन डायोड असतात, एक डायोड शॉर्ट झाला की पॅनलचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ११ व्होल्ट, बाद होतो. बावीस म्हणजे दोन डायोड. मल्टीमीटरने एकेक पॅनल तपासलं, शेवटून दुसऱ्यात सापडलं, बहुतेक आदल्या पावसाळ्यात विजा कडाडल्या तेव्हाच गेले असावेत. ते पॅनल बदललं. पुढच्या वर्षी युनिट आले ६,६४०. म्हणजे २०१८ पासूनची खरी घट सहा टक्क्यांच्या आत, वर्षाला एक टक्का, जसं अपेक्षित होतं तसं. बाकी सगळं माती आणि एक मेलेलं पॅनल होतं, आणि "जुनं झालं" या दोन शब्दांखाली ते वर्षभर झाकलं गेलं. (एखाद्या वर्षी पाऊस लांबला, ढग जास्त राहिले तर दोन-चार टक्के इकडे तिकडे होतातच, त्यामुळे एका महिन्यावरून भांडू नये, त्याच महिन्याची मागच्या वर्षीशी तुलना करावी.)

घरी ५ किलोवॅट होतं आणि वहीत रीडिंग होतं म्हणून सापडलं. आपल्याकडे तीनपैकी एका स्ट्रिंगचा कनेक्टर जळला आणि चार महिने कोणाच्या लक्षात आलं नाही तर २,७०० युनिट गेले, म्हणजे एका वर्षाच्या झिजेच्या अकरा पट. आणि नुसतं बिल बघून ते कळणार नाही, कारण उन्हाळ्यात पंप जास्त चालतो, बिल वरखाली होतच असतं. जनरेशन मीटर वेगळा असतो, बघायचा तो.

अजून दोन गोष्टी थोडक्यात. नोटीसमध्ये लिहिलंय "लाईट गेली तरी लिफ्ट चालेल". नाही चालणार. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईनची वीज गेली की स्वतः बंद होतो, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर असतात, त्यांच्या घरच्यांनी याच वाक्यावर लगेच होकार दिला, त्यांना खरं सांगा. जनरेटर ठेवावाच लागेल. आणि कोटेशनमध्ये पॅनल "टियर वन" एवढंच आहे. सबसिडीला भारतात बनलेल्या सेलचे पॅनल लागतात, डीसीआर म्हणतात ते, हा शब्द कोटेशनमध्ये कुठेच नाही. बिगर-डीसीआर पॅनल आले तर २५ किलोवॅटची साडेचार लाख सबसिडी गेली, आणि ती भरपाई पुन्हा आपल्याकडूनच मागणार.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ॲडव्हान्स देऊ नका, आधी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि निदान तीन व्हेंडरचे कोटेशन आपल्या खऱ्या २६,४०० युनिटवर मागवा. साईज १८ किलोवॅट, डीसीआर पॅनल, प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर करारात. जनरेशनची हमी लेखी घ्या, पहिल्या वर्षी २४,३०० आणि पुढे दरवर्षी १ टक्का कमी, ही ओळ वर्षावार तक्त्यात लिहून. निदान पाच वर्षं तरी, कुठल्याही वर्षी युनिट या ओळीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त खाली गेले तर कमी पडलेले युनिट आपल्या दराने व्हेंडरने भरायचे, आणि त्यासाठी बिलातले दहा टक्के दोन वर्षं आपल्याकडे अडकवून ठेवायचे. घटीची ही ओळ कागदावर असली की त्या ओळीखालच्या प्रत्येक युनिटला कोणीतरी जबाबदार राहतो, नसली की सगळं "जुनं झालं" मध्ये जमा. महिन्याला दोनदा पॅनल धुणं आणि तीनही स्ट्रिंगचं व्होल्टेज-अँपिअर लिहून देणं देखभाल करारात टाका. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागेल हे धरून दरवर्षीच्या बचतीतून वीस हजार वेगळ्या खात्यात टाका. आणि स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवायचे असतील तर वॉटरप्रूफिंगची हमी त्याच करारात पाहिजे, मी चौथ्या मजल्यावर राहते, गळती पहिली माझ्या बेडरूममध्ये येईल.

रीडिंगचं काम कोणी घेत नसेल तर मी घेते, दर एक तारखेला जनरेशन मीटरचा आकडा नोटीस बोर्डावर लावीन, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या शेजारी.

येत्या रविवारी सकाळी सव्वानऊला मी गच्चीवर आहे, वही आणि टेप घेऊन. जानेवारीतली सावली डिसेंबरपेक्षा फार वेगळी नसते आणि पिवळ्या रेघा अजून तशाच आहेत. कमिटीतल्या सगळ्यांनी या, व्हेंडरलाही बोलवा, त्याने त्याचा नकाशा आणावा आणि ते नऊ पॅनल कुठे बसवणार ते आपल्या सगळ्यांसमोर दाखवावं.

आपली,
बी विंग, चौथ्या मजल्यावरची सभासद
नागपूर